गुण सारखे झाले, मग वर कोण? गोलफरक, हेड-टू-हेड आणि एका कागदावर न लिहिलेला नियम

गेल्या उन्हाळ्यात बाणेरच्या एका टर्फवर आमच्या भागातल्या सहा सोसायट्यांची फाइव्ह-अ-साइड फुटबॉल लीग झाली. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे पाच-पाच सामने. शेवटच्या रविवारी सकाळी सामने संपले तेव्हा निळा संघ १० गुणांवर होता आणि पिवळा संघही १० गुणांवर. दोघांनी तीन जिंकलेले, एक बरोबरी, एक हार.

निळ्यांनी केलेल्या गोलांमधून खाल्लेले गोल वजा केले की उरत होते ११. पिवळ्यांचे उरत होते ४. निळे ट्रॉफी उचलायला निघाले. पण पिवळ्यांचा कप्तान म्हणाला, "अहो, तुम्हाला आम्ही २-१ ने हरवलंय. हरवणारा खाली आणि हरलेला वर, असं कसं?" त्यावर निळ्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा दाखला दिला, पिवळ्यांनी स्पेनच्या ला लीगाचा. दोघांचंही बरोबर होतं. चूक एवढीच होती की आयोजकांनी नियम आधी लिहूनच ठेवला नव्हता. चहा गार झाला तरी वाद चालू होता.

त्यात आणखी एक गोष्ट होती. निळ्यांच्या ११ पैकी ९ गोल एकाच सामन्यातले होते. त्या दिवशी समोरच्या संघाचा एक जण आलाच नाही, ते चौघंच खेळले आणि ९-० ने हरले. पिवळ्यांनी त्याच संघाला, पाचही जण हजर असताना, ३-१ ने हरवलं होतं. हा एक सामना सोडला तर उरलेल्या चारांमध्ये निळे आणि पिवळे दोघंही अधिक दोनवर होते.

घरी येताना माझा भाचा म्हणाला, "मामा, मोठ्या लीगमध्ये तरी हे सगळीकडे सारखं का नाही?" त्याला जे सांगितलं ते जरा सविस्तर इथे लिहितो आहे.

गोलफरक: साधी वजाबाकी

केलेले गोल वजा खाल्लेले गोल म्हणजे गोलफरक. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गुण सारखे झाले की आधी गोलफरक पाहतात. तोही सारखा असेल तर ज्याने जास्त गोल केले तो वर.

आपल्याकडे क्रिकेटमुळे नेट रन रेट सगळ्यांच्या परिचयाचा आहे, आणि बरेच जण गोलफरक म्हणजे फुटबॉलचा रन रेट असं समजतात. हेतू तोच, पण हिशेब वेगळा. क्रिकेटमध्ये एखादा संघ पंधराव्या षटकातच लक्ष्य गाठतो आणि डाव तिथे संपतो, म्हणून धावा नुसत्या वजा करून चालत नाही, षटकांनी भागावं लागतं. फुटबॉलचा सामना पाच गोल झाले म्हणून थांबत नाही, तो पूर्ण खेळला जातो. त्यामुळे नुसती वजाबाकी पुरते.

तरीही इंग्लंडमध्ये १९७५-७६ च्या हंगामापर्यंत भागाकारच करत होते. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं आणि त्याला गोल-सरासरी म्हणायचं. ही पद्धत कशी वेगळं उत्तर देते ते १९२३-२४ च्या हंगामात दिसलं. हडर्सफील्ड टाउन आणि कार्डिफ सिटी दोघंही ५७ गुणांवर संपले. हडर्सफील्डने ६० गोल केले, ३३ खाल्ले. कार्डिफने ६१ केले, ३४ खाल्ले. वजाबाकी दोघांचीही २७. आजचा नियम लावला तर जास्त गोल करणारा कार्डिफ विजेता. पण ६० भागिले ३३ म्हणजे १.८१८, आणि ६१ भागिले ३४ म्हणजे १.७९४. विजेतेपद हडर्सफील्डला गेलं.

शेवटच्या दिवशी कार्डिफने बर्मिंगहॅममध्ये पेनल्टी वाया घालवली आणि सामना ०-० सुटला. त्याच वेळी हडर्सफील्डने नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-० ने हरवलं. हा सामना २-० राहिला असता तर हडर्सफील्डची सरासरी १.७८८ वर आली असती आणि कार्डिफ जिंकला असता. भागाकार खाल्लेल्या गोलाची शिक्षा मोठी करतो. १० गोल करून ५ खाणाऱ्याची सरासरी २, तर ३० करून २० खाणाऱ्याची दीड, जरी दुसऱ्याचा फरक पहिल्याच्या दुप्पट असला तरी. म्हणजे भागाकारात बचाव करून बसणाऱ्याचा फायदा होतो. १९७६-७७ पासून इंग्लंडने वजाबाकी धरली, ती आजही आहे.

हेड-टू-हेड: दोघांचा आपसातला हिशेब

दुसरा मार्ग म्हणजे बाकी सगळे सामने बाजूला ठेवायचे आणि ज्यांचे गुण सारखे आहेत त्यांच्या आपसातल्या सामन्यांचाच निकाल पाहायचा. याला हेड-टू-हेड म्हणतात. लीगमध्ये प्रत्येकाशी दोनदा खेळतात, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. त्या दोन सामन्यांत कोणाचे गुण जास्त ते आधी बघायचं, तेही सारखे असतील तर त्या दोन सामन्यांतला गोलफरक. तोही सारखा निघाला तरच पूर्ण हंगामाचा गोलफरक.

रणजी पाहणाऱ्यांना हे चटकन समजेल. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावातली आघाडी निर्णायक ठरते. ती आघाडी घेतलेला संघ मग उरलेला सामना कसा खेळतो ते आठवून बघा. हेड-टू-हेड जिंकलेल्या संघाचंही तसंच असतं. त्याच्या खात्यात तक्त्यावर न दिसणारा अर्धा गुण असतो, असंच धरा.

आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये २०२०-२१ साली असंच झालं. शेवटच्या साखळी सामन्याआधी एटीके मोहन बागानचे ४० गुण होते, मुंबई सिटीचे ३७, आणि सामना त्या दोघांमध्येच होता. मुंबईने आधीचा सामना १-० ने जिंकला होता. त्यामुळे मोहन बागानला बरोबरी पुरत होती आणि मुंबईला नुसता विजय. मुंबई २-० ने जिंकली, दोघंही ४० वर आले आणि अव्वल स्थान मुंबईला मिळालं. इथे गोलफरकही मुंबईचाच चांगला होता, म्हणून कोणी तक्रार केली नाही. खरी अडचण येते ती दोन नियम दोन वेगळी नावं सांगतात तेव्हा.

२००७ चा स्पेन

भाच्याने मोबाईलवर ला लीगाचा २००६-०७ चा तक्ता उघडला आणि म्हणाला, "अरे, बार्सिलोना प्लस ४५, माद्रिद प्लस २६. दोघांचे गुण ७६. आणि चॅम्पियन माद्रिद?"

हो. बार्सिलोनाने ७८ गोल केले आणि ३३ खाल्ले. रेआल माद्रिदने ६६ केले आणि ४० खाल्ले. गोलफरकात १९ चं अंतर, म्हणजे इंग्लंडचा नियम असता तर बार्सिलोना आरामात विजेता. पण स्पेनमध्ये आधी हेड-टू-हेड. २२ ऑक्टोबर २००६ ला माद्रिदने घरच्या मैदानावर बार्सिलोनाला २-० ने हरवलं. १० मार्च २००७ ला बार्सिलोनात ३-३ बरोबरी झाली, मेस्सीने तीन गोल केले तो सामना. आपसातल्या दोन सामन्यांत माद्रिदचे ४ गुण, बार्सिलोनाचा १. बस.

मार्चमध्येच हा हिशेब बंद झाला होता. त्यानंतर बार्सिलोनाला गुणांवर माद्रिदच्या पुढेच जायला हवं होतं, बरोबरीने भागणार नव्हतं. ९ जूनला, शेवटून दुसऱ्या फेरीत, बार्सिलोना एस्पान्योलविरुद्ध २-१ ने पुढे होती आणि माद्रिद सारागोसात १-२ ने मागे. सामने संपत आले असताना, काही सेकंदांच्या अंतराने, दोन्हीकडे बरोबरीचे गोल झाले. तीन गुणांची आघाडी मिळायच्या ऐवजी बार्सिलोना पुन्हा माद्रिदच्या बरोबरीला आली, आणि बरोबरी म्हणजे माद्रिद वर.

१७ जूनला शेवटची फेरी. बार्सिलोनाने तारागोनाच्या जिम्नॅस्टिकला ५-१ ने हरवलं. माद्रिद मायोर्काविरुद्ध मध्यंतराला ०-१ ने मागे होती, पण ३-१ ने जिंकली. बार्सिलोनाने पाचाच्या जागी पंधरा गोल केले असते तरी काही बदललं नसतं.

तिघांचे गुण सारखे झाले तर?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि वाचकांचा गोंधळही इथेच सर्वात जास्त होतो.

तीन संघ सारख्या गुणांवर आले की हेड-टू-हेड जोडीजोडीने पाहत नाहीत. कारण त्यात चक्र होऊ शकतं: पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पहिल्याला. म्हणून त्या तिघांचे आपसातले सामने तेवढे वेगळे काढून त्यांचा एक छोटा तक्ता करतात. त्यात प्रत्येकाचे चार सामने येतात. ज्याचे गुण जास्त तो वर.

आता १७ जून २००७ च्या सकाळी जाऊ. माद्रिद ७३, बार्सिलोना ७३, आणि तिसऱ्या स्थानी सेव्हिया ७१. सेव्हियाही शर्यतीत होती. समजा त्या रात्री माद्रिदचा सामना बरोबरीत सुटला असता आणि सेव्हिया जिंकली असती. दोघंही ७४ वर. मग विजेता कोण?

उत्तर माद्रिद किंवा सेव्हियाच्या हातात नव्हतंच. ते तारागोनात बार्सिलोना काय करते यावर होतं.

बार्सिलोना जिंकली असती तर ७६ गुणांनी तीच विजेती. यात काही विशेष नाही.

बार्सिलोना हरली असती तर ती ७३ वरच राहिली असती आणि बरोबरी फक्त माद्रिद आणि सेव्हियात. त्यांच्या आपसातल्या सामन्यांत सेव्हियाने घरी २-१ ने जिंकलं होतं आणि माद्रिदने घरी ३-२ ने. गुण तीन-तीन, गोल चार-चार. हेड-टू-हेड अगदी समसमान, म्हणून पूर्ण हंगामाचा गोलफरक बघायचा. त्या सकाळी सेव्हिया अधिक ३० वर होती आणि माद्रिद अधिक २४ वर. विजेती सेव्हिया.

आणि बार्सिलोनाचाही सामना बरोबरीत सुटला असता तर? तिघंही ७४ वर. आता छोटा तक्ता करायचा. माद्रिदला बार्सिलोनाविरुद्ध ४ गुण आणि सेव्हियाविरुद्ध ३, एकूण ७. सेव्हियाला माद्रिदविरुद्ध ३ आणि बार्सिलोनाविरुद्ध ३, कारण त्यांनीही एक-एक जिंकला होता, एकूण ६. बार्सिलोनाला ४. विजेती माद्रिद.

माद्रिद आणि सेव्हियाने त्या रात्री काय केलं ते दोन्ही वेळा तेच. त्यांचे आपसातले निकालही तेच. तरी तिसऱ्याच संघाने एक गुण मिळवला की नाही यावर त्या दोघांचा वर-खाली क्रम उलटतो. प्रत्यक्षात सेव्हिया व्हियारेआलकडून ०-१ ने हरली आणि हा प्रश्न आलाच नाही. पण हेड-टू-हेडच्या नियमात हा गुण, किंवा दोष, आतच असतो: बरोबरीत किती जण आहेत त्यानुसार कोणते सामने मोजायचे ते बदलतं. गोलफरकात असं होत नाही. तिथे अ हा ब च्या वर असेल तर क कुठेही असला तरी वरच राहतो.

म्हणून शेवटच्या फेरीत कोणी सांगितलं की "आपण हेड-टू-हेड जिंकलोय, आता काळजी नाही", तर पहिला प्रश्न विचारा: बरोबरीत दोघंच येतील ना?

पण ३८ सामन्यांपेक्षा दोन सामने महत्त्वाचे कसे?

गोलफरकाच्या बाजूने हा सर्वात मजबूत मुद्दा आहे. लीग म्हणजे वर्षभराची परीक्षा. आपसातल्या एका सामन्यात पाचव्या मिनिटाला गोलरक्षकाला लाल कार्ड मिळालं, तर त्या एका संध्याकाळवर विजेतेपद टांगायचं का?

उलट बाजूचा मुद्दा आमच्या टर्फवर दिसला होता. गोलफरक मोठा होतो तो बहुतेक वेळा दुबळ्या संघांविरुद्ध. दुबळा संघ तुम्हाला कधी भेटतो, त्याचे खेळाडू जखमी असताना की पूर्ण ताकदीने, हे तुमच्या हातात नसतं. हंगामाच्या शेवटी ज्याला हरण्या-जिंकण्याने काही फरक पडत नाही असा संघ आठ गोल खातो तेव्हा मनात शंका येते. हेड-टू-हेडमध्ये निदान समोरच्याला तितकीच तळमळ असते.

मात्र गोलफरक आणि हेड-टू-हेड हे अगदी वेगळे कप्पे नाहीत. २०११-१२ मध्ये मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड दोघंही ८९ गुणांवर संपले. सिटी अधिक ६४, युनायटेड अधिक ५६, आणि सिटीच्या अग्वेरोचा शेवटच्या क्षणी झालेला गोल सगळ्यांना आठवतो. पण त्याच हंगामात, २३ ऑक्टोबर २०११ ला, सिटीने युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ६-१ ने हरवलं होतं. तो सामना ६-१ ऐवजी १-० असता तर? सिटीचे ९३ गोल होते ते ८८ झाले असते आणि खाल्लेले २९ होते ते २८. युनायटेडचे ८९ होते ते ८८ आणि खाल्लेले ३३ होते ते २८. दोघंही ८८-२८. गुण सारखे, फरक सारखा, केलेले गोलही सारखे. तेव्हाच्या नियमाने विजेता ठरवायला आणखी एक सामना खेळवावा लागला असता. वर्षभराचा गोलफरक म्हणतो खरे, पण त्या वर्षी तो आपसातल्या एका सामन्यात ठरला होता. २०१९-२० पासून प्रीमियर लीगनेही गोलफरक आणि केलेले गोल यांनंतर हेड-टू-हेडची पायरी घातली आहे.

एका ठिकाणी मात्र निवडीला वावच नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४-२५ पासून ३६ संघ एकाच तक्त्यात असतात आणि प्रत्येक जण फक्त आठ सामने खेळतो. ज्यांचे गुण सारखे होतात त्यातले बहुतेक एकमेकांशी खेळलेलेच नसतात. म्हणून आधी गटसाखळीत हेड-टू-हेड वापरणाऱ्या या स्पर्धेत आता गोलफरक आधी येतो. हेड-टू-हेड तिथेच चालतं जिथे सगळे सगळ्यांशी सारखेच खेळतात.

सरळ एक सामना का खेळवत नाहीत?

इटलीत खेळवतात. १९६४ मध्ये बोलोन्या आणि इंटर ५४-५४ गुणांवर संपले तेव्हा रोममध्ये एक सामना झाला आणि बोलोन्या २-० ने जिंकून विजेती ठरली. पुढे ही पद्धत बंद झाली, पण २०२२-२३ पासून विजेतेपदासाठी आणि खालच्या लीगमध्ये उतरण्याच्या शेवटच्या जागेसाठी ती परत आणली आहे. पहिल्याच वर्षी ती लागली: वेरोना आणि स्पेझिया दोघंही ३१ गुणांवर राहिले, ११ जून २०२३ ला त्यांचा सामना झाला, वेरोना ३-१ ने जिंकून वरच्या लीगमध्ये टिकली.

प्रेक्षक म्हणून मला हे आवडतं. पण लीग मे-जूनमध्ये संपते, लगेच देशांचे सामने असतात, मैदान, पोलीस, प्रक्षेपण सगळं चार-पाच दिवसांत उभं करावं लागतं. म्हणून इटलीनेही ते फक्त दोन जागांसाठी ठेवलं आहे. मधल्या जागांना, युरोपच्या स्पर्धांमध्ये जाण्यासाठीच्या जागांनाही, तिथे हेड-टू-हेडच.

मधल्या हंगामात तक्ता वेगळा का दिसतो?

हा भाच्याचा शेवटचा प्रश्न होता. हेड-टू-हेड असलेल्या लीगचा डिसेंबरमधला तक्ता पाहिला तर क्रम गोलफरकानेच लावलेला दिसतो. कारण आपसातले दोन्ही सामने झाल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही, अर्ध्या हिशेबावर क्रम लावणं चुकीचं ठरेल. दोन्ही झाले की क्रम एका रात्रीत बदलू शकतो, जरी त्या रात्री बरोबरी होऊन दोघांचे गुण सारखेच वाढले असले तरी. अशा लीगमध्ये मार्चनंतर तक्ता पाहताना नुसता शेवटचा आकडा वाचू नका, वरच्या तीन-चार संघांचे आपसातले निकाल कागदावर मांडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

टर्फवरचा तो रविवार शेवटी असा मिटला: दोन्ही कप्तानांनी दहा-दहा मिनिटांचा एक सामना मान्य केला, पिवळे १-० ने जिंकले. यंदाच्या लीगचा कागद मात्र पहिल्या सामन्याच्या आधीच सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर गेला आहे. गुण सारखे झाले तर आधी आपसातला सामना. तिघं आले तर तिघांचा छोटा तक्ता. तोही सुटला नाही तर गोलफरक, पण एका सामन्यातून जास्तीत जास्त पाच गोलांचाच फरक धरायचा. आणि समोरचा संघ पाचांपेक्षा कमी खेळाडूंनी उतरला तर तो सामना ३-० असाच नोंदवायचा. खाली सहाही कप्तानांच्या सह्या आहेत.